खालच्या कोपऱ्यातली अकरा कलमं

"भाईंनी आपल्याला शेंडी लावली रे. साफ शेंडी लावली."

काका, गाव तुम्हाला भाई म्हणायचं. तुमच्या तेराव्याच्या दिवशी मागच्या पडवीत हे वाक्य माझ्या कानावर पडलं. मी दाराच्या आत होते, हातात उष्ट्या ताटांची चळत. बोलत होते विलासदादा. जुन्या बागेशिवाय आपल्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून ज्यांची आंब्याची चाळीस नवी कलमं आहेत, ज्यांचे खड्डे तुम्ही स्वतः दोरी धरून आखून दिले होते, तेच. शेजारी गावातले नाना हात धूत होते.

"गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये," नाना म्हणाले.

"मी खंय बोलतोय? डबे बोलतायत. ताडपत्री आणायला बागेतल्या मांगरात गेलो, तर गवताच्या भाऱ्यामागे सात डबे. सगळे रिकामे. आणि आम्हाला काय सांगायचे? विलास, औषध घालू नको, झाड मारशील."

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान," असं म्हणून नानांनी उरलेली म्हण चुळीबरोबर टाकून दिली.

"म्हणजे औषध चांगलंच असणार की हो! वाईट असतं तर भाईंसारखा माणूस आपल्या झाडांना घालेल? मी पण आणलाय डबा. पाऊस जरा उघडला की घालतो. दुप्पट घालतो. एवढी वर्षं गेली ती भरून निघू देत."

नाना हसले. मी ताटं तशीच धरून उभी राहिले. बाहेर जाऊन एक वाक्य बोलायला हवं होतं. मला ते माहीतही होतं. पण तुम्हाला माझी सवय ठाऊक आहे. मला वाक्य सुचतं, मग मी ते मनात इंग्रजीत नीट लावते, मग मराठीत आणते, आणि तोवर माणसं चपला घालून गेलेली असतात. तसंच झालं.

बाबा चौदाव्या दिवशी पोफळीला परतले. पॉवरहाऊसमध्ये शिफ्ट लागली होती. आई त्यांच्याबरोबर गेली. मी इथेच राहिले, कारण माझी नोकरी मिरजोळ्याला आहे आणि कारण काकूला एकटं कसं ठेवायचं. आता घरात आम्ही दोघी. काकू दुपारभर खोलीचं दार लोटून पडून असते. मी कारखान्यातून येते, चहा ठेवते आणि सवयीने तीन कप काढते. तिसरा परत ठेवताना बशीचा आवाज होऊ नये म्हणून जपते. काकूही तो आवाज ऐकत असणार.

पाचवीत मला पोफळीहून तुमच्याकडे आणून ठेवलं, ते इथल्या इंग्रजी शाळेसाठी. त्या पहिल्या वर्षी मी तुमच्याशी जवळजवळ बोललेच नाही. तुम्हीही फार विचारलं नाहीत. तुम्ही फक्त म्हणालात, "बाय, टेप धरायला येतेस?" आपली ओळख अशी मापाच्या टेपने झाली.

श्रावणात, पाऊस जरा थांबला की, तुम्ही मला खालच्या कोपऱ्यात न्यायचात. तिथली अकरा कलमं रस्त्यावरून दिसत नाहीत, गडग्याच्या अलीकडून उतार आहे. मी टेपचं एक टोक धरून झाडाच्या पानांचा पसारा संपतो तिथे उभी राहायची, तुम्ही दुसऱ्या बाजूला. एकदा पूर्व-पश्चिम, एकदा दक्षिण-उत्तर. दोन्हींची सरासरी मी काढायची. तो झाडाचा पसारा, मीटरमध्ये. मग दर मीटरला तीन मिली औषध, बादलीभर पाण्यात. खोड आणि पसाऱ्याची कड यांच्या बरोबर मध्ये तुम्ही पहारीने गोल रिंगणात वितीपेक्षा कमी खोल भोकं पाडायचात, पंचवीस-तीस. मी मगाने सारखं सारखं ओतत जायची. मग पायाने माती लोटायची.

औषध म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल. एवढं मोठं नाव बागेत कोणी घेत नाही. मला कॉलेजात कळलं की ते झाडाला वाढू देत नाही. हापूस एक वर्ष देतो आणि एक वर्ष पालवी काढत बसतो. या औषधाने पालवी अडते, आणि अडलेलं झाड मोहोराकडे वळतं. दर वर्षी आंबा, तोही लवकर. मापात घातलं, दहा वर्षांवरच्या धडधाकट झाडाला घातलं, वर खत दिलं, तर चालतं, असं शास्त्र सांगतं. माप सोडलं की ते मातीत साठत जातं.

तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की श्रावणात आपण दोघं खालच्या कोपऱ्यात औषध घालतो, आणि बागायतदारांच्या बैठकीत तुम्ही उभे राहून उलटं सांगता.

तुम्ही फार छान सांगायचात, काका. "झाड एक वर्ष देतं, एक वर्ष दम खातं. आपण बाळंतिणीला तरी दम खाऊ देतो की नाही? एकदा घालाल, मग दर वर्षी घालावं लागेल. मग माप वाढवावं लागेल. लहान झाडाला तर हातसुद्धा लावू नका." मागून कोणीतरी ओरडायचं, "भाई, आमचा कर्जाचा हप्ता दम खात नाही!" सगळे हसायचे, तुम्हीही. पण विलासदादांसारखे काहीजण हसायचे नाहीत. ते ऐकायचे. घरी जाऊन तसंच वागायचे.

मी नववीत होते. कोपऱ्यात टेप गुंडाळत होते आणि माझ्या तोंडून गेलं, "You are a hypocrite." मराठी शब्द मला आलाच नाही. तुम्ही पहार थांबवलीत.

"म्हणजे काय गो?"

"म्हणजे... ढोंगी."

मी घाबरले होते. घरात तुम्हाला असं कोणी बोलत नसे. तुम्ही बादलीकडे बघून विचारलंत, "सात मीटरचं किती झालं?"

"एकवीस मिली."

"चाळीस ओत."

त्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा माप सोडलंत. आदल्या वर्षी मोहोर करपा रोगाने गेला होता. मी चाळीस ओतलं. हात माझा होता, हे मी कधीच कोणाला सांगितलं नाही. तुम्हीही नाही.

संध्याकाळी पुढच्या पायरीवर चहा पिताना तुम्ही आपणहून म्हणालात, "ढोंगी म्हणालीस ते बरोबर आहे. पण मी विलासला सांगतो तेही बरोबर आहे."

"दोन्ही कशी बरोबर असतील?"

"तू शिकलेली आहेस. बघ विचार करून."

मी केला विचार. पुढची आठ-नऊ वर्षं केला. कॉलेजातून सुट्टीला आले की आपण तो वाद होता तिथून उचलायचो. मी म्हणायची, ज्या गोष्टीवर तुमचा स्वतःचा विश्वास नाही ती लोकांना का सांगता? तुम्ही म्हणायचात, "विश्वास नसता तर नुसतं कोपऱ्यातच कशाला घातलं असतं? वरच्या साठ झाडांना नसतं घातलं?" मी म्हणायची, मग हे तर आणखी वाईट. जाणूनबुजून करताय. तुम्ही मान डोलवायचात. "आहेच वाईट. पण माझ्या वाईटपणाने औषध चांगलं होत नाही ना? झाडाला काय ठाऊक, वर बोलणारा माणूस खरा की खोटा. त्याला मुळाशी काय आलं तेवढंच कळतं."

मला हे पळवाटेसारखं वाटायचं. अजूनही थोडं वाटतं.

कारण एक गोष्ट तुम्ही कधी तोंडावर आणली नाहीत आणि मीही नाही. ज्या वर्षी सगळ्यांची झाडं दम खात होती, त्या वर्षी आपल्या अंगणात पेट्या भरल्या जात होत्या. तुमचं ऐकून विलासदादा गप्प बसले आणि बाजारात आपला आंबा लवकर गेला. तुम्ही मुद्दाम केलं नसेल. पण त्यांनी तुमचं ऐकल्याचा फायदा तुम्हाला झाला, हे खरंच आहे. विलासदादांना संशय आला तर मी त्यांना कुठल्या तोंडाने चूक म्हणू? आणि त्या पेट्यांवर माझी शाळा झाली. ज्या वर्षी मी तुमच्याकडे आले, त्याच वर्षी मांगरात पहिला डबा आला. हे मला कोणी सांगितलं नाही. हिशोब न करताही मला ते कळत गेलं. तुम्ही ते कधी माझ्यावर ठेवलं नाहीत. एकदा तरी ठेवायला हवं होतं. मग मला तुमच्यावर रागावता आलं असतं किंवा तुमचे आभार मानता आले असते. आता दोन्ही अर्धं अर्धं राहिलंय.

तुमच्या मागे मला सर्वांत जास्त आठवतात ते हेच. वाद. इतर माणसं मला "किती शांत आहे हो पोरगी" म्हणतात. माझ्याशी भांडायला फक्त तुम्ही यायचात. कारखान्यात मी दिवसभर आंब्याच्या रसाचे नमुने तपासते, आकडे लिहिते, "येस सर" म्हणते. घरी येते, तर पायरीवर कोणी नाही. परवा मी एकटीच तिथे बसून, चहा निवेपर्यंत, तुमचीही बाजू आणि माझीही बाजू मनात बोलून पाहिली. तुमची बाजू माझ्या आवाजात बरी लागत नाही.

डब्यांची गोष्ट गावात फिरायला वेळ लागला नाही. दूध घालायला येणाऱ्या बाईंनी काकूला तोंडावर विचारलं. त्या गेल्यावर काकूने मला हाक मारली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच तिचा आवाज खणखणीत होता.

"अगो, कोणी विचारलं तर सांगायचं, डबे दुसऱ्या कोणी ठेवायला दिले होते. यांनी हात लावला नाही. कळलं?"

"पण काकू, विलासदादा..."

"विलास सुतकात पाणी भरायला आला होता. तो ऐकेल. तू सांगितलंस तर नक्की ऐकेल. तू खोटं बोलशील असं कोणाला वाटायचं नाही."

मी दुधाचं पातेलं उचलून आत नेलं.

खोलीत बसून मी ते नीट उलटसुलट करून पाहिलं, तुम्ही शिकवलं तसं. मी काकूचं ऐकलं, तर तुमचं नाव राहतं. विलासदादांना वाटेल, भाई सच्चे होते, त्यांचं ऐकू या, आणि कदाचित ते औषध घालणारही नाहीत. म्हणजे एका खोट्याने तुमचं नावही वाचेल आणि त्यांची कलमंही. किती सोपं. पण मग ते तुमचं ऐकतील ते तुम्ही सच्चे होतात म्हणून. औषधाने काय होतं ते पाहून नव्हे. उद्या आणखी कोणी आठवा डबा दाखवला, की पुन्हा सगळं उलटेल. विलासदादांची चूक हीच तर आहे, काका. भाई सच्चे, तर औषध वाईट. भाई लबाड, तर औषध चांगलं. दोन्ही वेळेला ते तुमच्याकडेच बघत होते. झाडाकडे कोणी बघतच नव्हतं.

तसा त्यांचा विचार अगदीच वेड्याचा नाही. जो माणूस सांगतो तसं स्वतः करत नाही त्याच्याबद्दल शंका घ्यावीच. त्याच्या शब्दाशिवाय दुसरा पुरावा नसेल तर माणूस आणखी काय बघणार? पण इथे पुरावा होता. गडग्याच्या अलीकडे, उतारावर, अकरा.

रविवारी सकाळी मी खाली गेले. गेल्या दोन वर्षांत तुम्ही मला खाली येऊ देत नव्हतात. "रान माजलंय, साप असतील" म्हणायचात. साप नव्हते. वरच्या साठ कलमांना हातभर लांब, तांबूस पालवी लोंबत होती. खालच्या झाडांची पानं फांदीच्या टोकाला मुठीसारखी आवळलेली. पेरं इतकी आखूड की बोट मावेना. चार झाडांचे शेंडे वरून खाली सुकत आलेले. खोडांना डिंकाचे ओघळ. गेल्या मोसमातला एक मोहोर तसाच काळा पडून अडकला होता, वीतभरही नव्हता. अकरातली दोन झाडं तर तुम्ही बुंध्याशी कापलेली होती. मला ठाऊकच नव्हतं. खालच्या झाडांबद्दल कोणी विचारलं तर तुम्ही "खोडकिडा" म्हणायचात. ते मात्र सरळ खोटं होतं, काका. ते तुम्ही बोलायला नको होतंत.

एका झाडाभोवती ताजी, मोकळी माती होती. शेणखत घातलेलं, आळं केलेलं. दुसऱ्याभोवतीही. गेल्या श्रावणापासून तुम्ही औषध थांबवलं होतंत बहुतेक. यंदा एकही भोक नव्हतं. तुम्ही त्यांना दम खायला देत होतात. मला का नाही सांगितलंत? मी जिंकले असं मला वाटलं असतं म्हणून? मला तसं वाटलं नसतं. मी टेप धरायला आले असते.

मी तिथे चिखलात बसले आणि रडले. तेराव्याला रडता आलं नव्हतं. माणसं होती.

गडग्यापलीकडून धातूवर धातू आपटल्याचा आवाज आला. विलासदादा पहार दगडावर ठोकून माती झाडत होते. पाऊस उघडला होता. त्यांची ही नवी कलमं आठव्या वर्षात आहेत, डोक्यापेक्षा थोडी उंच, पालवीने भरलेली. पहिल्या झाडाजवळ बादली होती आणि बादलीशेजारी डबा.

मी गडग्यापाशी गेले. मला वाक्य लावायला वेळ नव्हता.

"विलासदादा."

"काय गो? इंग्लिश मिडियम आज बागेत?"

"जरा इकडे याल?"

"आता नको बाय. एकदा उघडलंय, घालून घेतो."

"घालण्याआधी या. पाच मिनिटं."

माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे. त्यांनी पहार टेकवली आणि गडगा ओलांडून आले. उतार उतरताना मला वर उताराच्या कडेला काकू दिसली. माझ्या मागे मागे आली असावी. तिथवर ऐकू जाणार होतं, हे मला कळत होतं. काकूनेच म्हटलं होतं, मी सांगितलेलं विलासदादा खरं मानतील. मी त्या मुठीसारख्या पानांना हात लावला.

विलासदादांनी एक झाड पाहिलं. मग दुसरं. एका शेंड्याला चिमटीत धरून वाकवला, तो कडकन मोडला. "खोडकिडा म्हणायचे ना भाई," ते हळूच म्हणाले.

तुमच्या मनाला आता काही लागणार नाही, आणि तरी मला तुमची क्षमा मागावीशी वाटली. तुमचं बोलणं खरं होतं हे दाखवायचं, तर तुम्ही तसं वागला नाहीत हे मलाच सांगावं लागणार होतं. दुसरा साक्षीदार नाही.

मी काकूकडे पाहिलं नाही. मी मोठ्याने म्हणाले, "किडा नाही, दादा. हे औषध आहे. काकांनी घातलं, दुपटीने घातलं, आणि माप मी धरलं होतं. ते तुम्हाला सांगत होते तेच खरं आहे. तुमच्या झाडांना नका घालू."